फोटोतला चेहरा आणि अवताराची मान: एका शिवणीची पार्श्वभूमी

गेममधल्या अवताराला स्वतःचा चेहरा देता यावा ही इच्छा जुनी आहे. 2000 साली आलेल्या एका कन्सोल शूटर गेमसाठी अशी सोय आधी जाहीर झाली होती: हातातल्या गेमयंत्राला जोडायच्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि तो पात्राच्या डोक्यावर बसवायचा. गेम बाजारात येण्याआधीच ती सोय वगळली गेली. तांत्रिक अडचणींचं कारण दिलं गेलं. पण त्या कॅमेऱ्याची एक गोष्ट पुढच्या सगळ्या गोंधळाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तो 128 बाय 112 पिक्सेलचा फोटो काढायचा आणि त्यात करड्याच्या चारच छटा असायच्या. त्वचेचा रंग फोटोतून येणारच नव्हता, तो गेमला पुरवावा लागणार होता.

2003 मध्ये एका स्केटबोर्डिंगच्या गेमने खेळाडूंचे फोटो ई-मेलने मागवले आणि ते ऑनलाइन कन्सोलवर परत उतरवून घ्यायची सोय दिली. आता फोटो रंगीत होता, आणि खरा प्रश्न इथे उभा राहिला. मानेपाशी फोटोची त्वचा आणि गेमची त्वचा भेटतात तेव्हा माघार कोणी घ्यायची?

इथे ‘शिवण’ हा शब्द घोळ घालतो. मॉडेलची जाळी, म्हणजे पात्राचा त्रिमितीय पृष्ठभाग, उलगडून सपाट केली की जिथे तिला काप द्यावा लागतो तीही शिवण, आणि फोटो संपून मूळ टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवलेलं गेमचं रंगीत चित्र, सुरू होतं ती कडही शिवण. पहिली बहुधा डोक्यामागे, केसांत लपते. दुसरी कानापुढून जबड्याखाली जाते आणि सगळ्यांना दिसते. तिथे आणखी एक अडचण असते. समोरून टाकलेला फोटो गालाच्या वळणावर ताणला जातो. पृष्ठभाग कॅमेऱ्यापासून 60 अंश वळला की एक पिक्सेल दुप्पट जागा व्यापतो, आणि कानापाशी तर नुसते ओघळ उरतात. म्हणून कोन वाढेल तसं फोटोचं वजन कमी करत नेतात. पण असं विरवून रंगातला फरक मिटत नाही.

एक उदाहरण घेऊ. लाल, हिरवा आणि निळा 0 ते 255 मध्ये मोजले तर फोटोतल्या गालाचा सरासरी रंग 171, 128, 104 आहे आणि अवताराच्या मानेचा 214, 170, 146. कड 24 पिक्सेलमध्ये विरवली तरी जबड्याभोवती मुखवट्यासारखा पट्टा दिसतोच, कारण 40 हून अधिक पायऱ्यांची उतरण एवढ्याशा जागेत मावत नाही.

2003 मध्येच प्रसिद्ध झालेली एक संशोधन-पद्धत यावर रामबाण वाटली. तिच्यात फोटोतल्या शेजारच्या पिक्सेलांमधले फरक तेवढे जपायचे आणि कडेचे रंग खालच्या टेक्स्चरवरून घ्यायचे. शिवण खरोखर नाहीशी होते. पण कडेवरचा 42-43 पायऱ्यांचा फरक आत सगळीकडे पसरतो आणि सगळा चेहरा तेवढा उजळतो. सावळा माणूस गोरा होऊन बाहेर पडतो. हे ओळखायचं असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा: 225 चा पांढरा 255 ला टेकून सपाट, निर्जीव झालेला असतो. कपाळावर केसांची बट कडेला लागत असेल तर तिथून भुवयांपर्यंत एक चुकीची झाक उतरते.

शरीराचा रंग कायम ठेवून चेहरा बदलायच्या बाजूने युक्तिवाद होता तो मेमरीचा. त्या पिढीच्या एका कन्सोलची ग्राफिक्स मेमरी 4 मेगाबाइट होती, प्रत्येक खेळाडूसाठी शरीराचं वेगळं टेक्स्चर ठेवणं परवडणारं नव्हतं. पण वेगळं टेक्स्चर लागतच नाही. मानेच्या रंगाला 0.80, 0.75 आणि 0.71 ने गुणलं की ती गालाच्या रंगावर येते, आणि हेच तीन आकडे हातापायांनाही चालतात. माझ्या मते इथे फोटोनेच जिंकायला हवं होतं. ज्या माणसाने स्वतःचा चेहरा दिला त्याचा रंग परस्पर बदलणं ही तडजोड नव्हे, चूक आहे.

गुणाकाराला एक अट आहे. मूळ टेक्स्चर उजळ हवं, कारण गडद टेक्स्चर वर खेचलं की त्यातले डाग आणि ठिपकेही वाढतात. शिवाय नमुना कुठून घेतला हे मोजावं लागतं. उजेड डावीकडून असेल तर दोन गाल जुळत नाहीत आणि मान एकाच बाजूला बरोबर बसते. म्हणून कपाळाची चमक आणि हनुवटीखालची सावली वगळून दोन्ही गालांचा मधला रंग घेतात. उरलेला हळुवार फरक रुंद पट्ट्यात मिसळतात आणि रंध्रं, तीळ यांसारखा बारीक तपशील अरुंद पट्ट्यात. हा रुंद-अरुंद भेद 1983 पासून माहीत आहे.

2014 मध्ये एका बास्केटबॉल गेमने कन्सोलच्या कॅमेऱ्यातून चेहरा टिपायला सुरुवात केली तेव्हा विद्रूप चेहऱ्यांचे स्क्रीनशॉट सगळीकडे फिरले. तोपर्यंत गेममधला प्रकाश भौतिक नियमांनी मोजायची पद्धत रुळू लागली होती आणि तिला सावलीविरहित त्वचा लागते. फोटोत नाकाखाली आधीच सावली असली तर गेम तिच्यावर आणखी एक टाकतो, आणि अवतार उजेडात कुठेही वळला तरी पहिली सावली जागची हलत नाही.