ताबाही मागा, व्याजही मागा

"फ्लॅटचा ताबा रखडला आणि बिल्डरकडून व्याज हवं असेल तर बुकिंग रद्द करावं लागतं, ताबा घ्यायचा असेल तर व्याज विसरा."

तसं नाही. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 18 उघडून पाहा. पैसे परत घेणं हा एक मार्ग. पण ज्याला प्रकल्पातून बाहेर पडायचं नाही, त्याला ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज द्यावं, असं तिथेच लिहिलंय. म्हणून वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीत ताबा आणि व्याज या दोन्ही मागण्या एकत्र करता येतात.

आधी नोंदणीकृत करारनाम्यातली ताब्याची तारीख शोधा, माहितीपत्रकातली नव्हे. समजा ती 31 डिसेंबर 2023 आहे आणि तोवर 40 लाख भरलेत. व्याज 1 जानेवारी 2024 पासून धरा. दर 10 टक्के मानला तर महिन्याला साधारण 33,333 रुपये होतात. खरा दर राज्याच्या नियमांत पाहावा. त्या तारखेनंतर भरलेल्या हप्त्यांवरचं व्याज भरल्याच्या दिवसापासून मोजा. पावत्यांच्या प्रती जोडा, पोस्टाची पोचपावती जपून ठेवा.

नोटीस म्हणजे आदेश नव्हे, हेही खरं. उत्तर आलं नाही तर रेरा प्राधिकरणाकडे तक्रार करावी लागते. आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय नुसती किल्ली हाती दिली, तर तो कायदेशीर ताबा समजू नका.