कन्साइनमेंट स्टॉक

पुरवठादाराने आपला माल ग्राहकाच्या जागेत आणून ठेवायचा, पण तो माल वापरला किंवा विकला जाईपर्यंत त्याची मालकी स्वतःकडेच ठेवायची, अशा व्यवस्थेला कन्साइनमेंट स्टॉक म्हणतात. माल ग्राहकाच्या ताब्यात असतो, पण त्याच्या मालकीचा नसतो. या नोंदीत माल सांभाळणाऱ्या पक्षाला ‘साठाधारक’ म्हटले आहे.

या व्यवस्थेची दोन रूपे आढळतात. एकात दुकानदार पुरवठादाराचा माल मांडतो, विकतो आणि विकलेल्या नगांचेच पैसे चुकते करतो. दुसऱ्यात कारखाना किंवा रुग्णालय स्वतःला लागणारा माल आपल्या स्टोअरमध्ये ठेवून घेते आणि काढून वापरल्यावर त्याची किंमत देते. हाडांच्या शस्त्रक्रियेत हे दुसरे रूप सर्रास दिसते. रोपणाचा नेमका कोणता आकार रुग्णाला बसेल हे शस्त्रक्रियेच्या वेळीच पक्के होते. त्यामुळे सगळे आकार हाताशी ठेवावे लागतात आणि प्रत्यक्षात त्यांतला एकच खर्ची पडतो. हा सगळा संच विकत घेऊन ठेवणे रुग्णालयाला परवडत नाही. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या रूपाला धरून आहे, कारण मालकी, देयक आणि मोजणी यांची गुंतागुंत त्यात जास्त असते.

मालकी कधी बदलते

माल साठाधारकाच्या दारात उतरतो तेव्हा विक्री झालेली नसते. सोबत येते ते डिलिव्हरी चलन. बिल नंतर येते. करारात ठरलेली घटना घडली की त्या क्षणी मालकी बदलते. कारखान्यात ही घटना बहुधा ‘स्टोअरमधून माल काढणे’ अशी ठरवलेली असते, तर दुकानात गिऱ्हाइकाला झालेली विक्री. करार लिहिताना या घटनेची व्याख्या ढिली राहिली तर पुढचे सगळेच ढिले राहते. ‘वापर झाल्यावर’ असे नुसते लिहिले, तर रॅकवरून काढून यंत्राशेजारी ठेवलेला, पण अजून न बसवलेला नग कोणाचा, हा प्रश्न उरतो. ‘इश्यू स्लिप फाडून नग स्टोअरच्या खिडकीबाहेर गेला की’ असे लिहिले तर तो उरत नाही.

मालकी पुरवठादाराची असली तरी सांभाळण्याची जबाबदारी साठाधारकावरच पडते, कारण कुलपाची किल्ली त्याच्याकडे असते. चोरी, गहाळ होणे, छपरातून पाणी गळून खराब होणे याची भरपाई बहुतेक करारांत साठाधारकावर टाकलेली असते. आगीसारख्या मोठ्या नुकसानीचा विमा कोणी उतरवायचा हे वेगळे लिहावे लागते. ते लिहिले नसेल, तर माल आपला नाही म्हणून साठाधारक आणि माल आपल्याकडे नाही म्हणून पुरवठादार असे दोघेही विमा उतरवायचे राहून जातात.

नुसत्या कागदावर ‘कन्साइनमेंट’ लिहिल्याने व्यवहार तसा होत नाही. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएफआरएस १५ यासाठी तीन खुणा देते. विक्रीसारखी ठरलेली घटना घडेपर्यंत किंवा ठरलेली मुदत संपेपर्यंत मालावर पुरवठादाराचे नियंत्रण असते. पुरवठादार माल परत मागवू शकतो किंवा तिसऱ्याकडे वळवू शकतो. आणि पैसे देण्याचे बिनशर्त बंधन साठाधारकावर नसते, फार तर अनामत घेतलेली असू शकते. या खुणा जुळत असतील तर माल पाठवला म्हणून पुरवठादाराला उत्पन्न दाखवता येत नाही. तो माल त्याच्याच ताळेबंदात साठा म्हणून राहतो, आणि साठाधारकाच्या ताळेबंदात येत नाही. ‘नव्वद दिवसांत वापर होवो न होवो, माल विकत घ्यावाच लागेल आणि परत करता येणार नाही’ असे कलम असेल तर मात्र हा व्यवहार जवळजवळ उधारीवरच्या विक्रीसारखा होतो. अशी कलमे वाचल्याशिवाय करारावरच्या नावाला फारसे महत्त्व देऊ नये.

मालकीचा खरा कस साठाधारक दिवाळखोर झाला की लागतो. त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा तारण-हक्क बहुधा गोदामातल्या सगळ्या साठ्यावर असतो, आणि रॅकवरच्या मालाकडे पाहून तो कोणाचा हे कळत नाही. अमेरिकेत पात्र ठरणाऱ्या कन्साइनमेंटसाठी पुरवठादाराला आपल्या हक्काची सार्वजनिक नोंदणी करावी लागते आणि आधीपासून तारण घेऊन बसलेल्या सावकाराला लेखी कळवावे लागते. हे केले नाही तर तो रांगेत मागे पडतो. २०१६ साली ‘स्पोर्ट्स अथॉरिटी’ ही क्रीडासाहित्याची दुकानसाखळी दिवाळखोरीत गेली, तेव्हा शंभराहून अधिक पुरवठादारांशी नेमका हाच वाद उभा राहिला: दुकानांतला कन्साइनमेंटचा माल त्यांचा, की कर्जदात्यांच्या तारणाचा भाग? इतर देशांत नियम वेगळे असले तरी माल वेगळा ओळखता येणे सगळीकडेच उपयोगी पडते. वेगळा रॅक, प्रत्येक पेटीवर मालकाचे लेबल आणि बॅच नंबरची नोंद ही त्यासाठीची साधी साधने आहेत.

पैसे कधी देय होतात

काढलेल्या प्रत्येक नगाचे लगेच बिल करणे शक्य असले तरी तसे क्वचितच केले जाते. सामान्यतः महिनाअखेरीस साठाधारक त्या महिन्यात किती नग काढले याचे विवरण पाठवतो. त्यावरून पुरवठादार बिल करतो, किंवा उलट साठाधारकच स्वतः बिल तयार करून पैसे भरतो. उधारीची मुदत विवरणाच्या तारखेपासून धरली जाते.

याचा परिणाम दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. समजा मुदत ३० दिवसांची आहे. एकतीस दिवसांच्या महिन्यात ३ तारखेला काढलेला नग ३१ तारखेच्या विवरणात येतो आणि त्याचे पैसे त्यापुढे ३० दिवसांनी मिळतात. म्हणजे मालकी गेल्यापासून ५८ दिवसांनी. तोच नग ३० तारखेला काढला असता तर ३१ दिवसांनी मिळाले असते. शिवाय मालकी जाण्याआधी तो रॅकवर किती आठवडे पडून होता, ते यात धरलेलेच नाही. पुरवठादाराचे भांडवल एवढा काळ अडकून पडते. म्हणूनच अनुभवी पुरवठादार विवरण पंधरवड्याचे किंवा आठवड्याचे मागतात आणि पडून राहिलेल्या मालाला मुदतीचे कलम लावतात: ठरलेल्या महिन्यांत हललेला नाही तो माल साठाधारकाने परत करावा किंवा विकत घ्यावा. हे कलम लावताना वर सांगितलेली खूण विसरू नये. परत करण्याचा पर्याय खरा असला पाहिजे.

दरही आधीच ठरवावा लागतो. माल उतरला त्या दिवशीचा दर धरायचा की काढला त्या दिवशीचा? मधल्या काळात दरवाढ झाली तर रॅकवरच्या जुन्या मालाला जुना दर लागतो की नवा, यावर हटकून वाद होतो.

मोजणी

इथे साठ्याचा आकडा दोन ठिकाणी असतो, पुरवठादाराच्या वहीत आणि साठाधारकाच्या. पुरवठादाराला रॅक दिसत नाही. त्याला दिसते फक्त साठाधारकाचे विवरण. त्यामुळे प्रत्यक्ष मोजणी हाच त्याच्या हाती असलेला पडताळा, आणि ती दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र करून मोजणीपत्रकावर सही करणे सर्वांत बरे. हिशेब सरळ आहे: आधीचा प्रत्यक्ष साठा, अधिक आलेला माल, वजा आत्ताचा प्रत्यक्ष साठा, बरोबर बाहेर गेलेला माल. हा आकडा इश्यू स्लिपांच्या बेरजेशी जुळला पाहिजे.

एक उदाहरण तपशिलात पाहू. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये पुरवठादाराच्या एकाच क्रमांकाच्या बेअरिंगचा साठा आहे. महिन्याच्या सुरुवातीच्या मोजणीत २४० नग होते. महिन्यात ६०-६० नगांच्या तीन खेपा आल्या, म्हणजे १८०. महिनाअखेरीस रॅकवर २६२ भरले. म्हणजे १५८ नग बाहेर गेले. स्लिपांची बेरीज मात्र १४९ निघाली. ९ नगांचा फरक.

हा फरक लगेच तूट म्हणून लिहून टाकणे ही घाई ठरते. आधी कप्प्याला लावलेले आवक-जावकीचे बिन कार्ड, देखभाल विभागाचे रजिस्टर आणि गेटपास ताडून पाहावेत. समजा त्यातून कळले की रात्रपाळीत यंत्र बंद पडले तेव्हा ५ नग स्लिपेशिवाय नेले गेले. ते वापरच आहेत, मागाहून स्लिप करून विवरणात घ्यायचे. आणखी २ नग सदोष म्हणून पुरवठादाराचा माणूस घेऊन गेला, पण परतीचे चलन कोणी केले नाही. ते पुरवठादाराकडे परत गेलेले आहेत, त्यांचे बिल होत नाही. उरलेल्या २ नगांचा काही पत्ता लागत नाही. करारानुसार ती तूट साठाधारकाची. तेव्हा बिल १४९ अधिक ५ अधिक २, म्हणजे १५६ नगांचे. ताळा असा: ४२० मधून १५६ आणि परतीचे २ वजा केले की २६२ उरतात, रॅकवर आहेत तेवढेच.

फरकाचे आकारमान पुष्कळदा कारण सांगते. फरक नेमका एका खेपेएवढा, इथे ६०, आला तर चोरीच्या आधी तारखांकडे पाहावे: माल दुपारी उतरून रॅकवर चढला आणि चलन दुसऱ्या दिवशी नोंदले गेले असणार. मग साठा जास्त दिसतो. मोजणीच्या दिवशी आवक-जावक थांबवणे किंवा शेवटच्या चलनाचा आणि शेवटच्या स्लिपेचा क्रमांक पत्रकावर लिहून ठेवणे हा त्यावरचा उपाय. फरक पेटीतल्या नगसंख्येच्या पटीत असेल, तर कुठेतरी पेटी आणि नग यांची गल्लत झालेली असते. एका क्रमांकात तूट आणि शेजारच्या क्रमांकात तेवढीच वाढ असेल, तर माल चुकीच्या कप्प्यात गेलेला असतो.

सर्वांत अवघड फरक एकच वस्तू दोन मालकांची असते तेव्हा येतो. कारखान्याने तेच बेअरिंग इतरत्र विकतही घेतलेले असते, आणि दोन्ही एकाच कप्प्यात पडतात. एकूण मोजणी जुळते, तरी पुरवठादाराचे नग कमी भरतात, कारण बेअरिंग त्याचे वापरले आणि स्लिप स्वतःच्या साठ्याची फाडली असे घडलेले असते. पुरवठादाराला तेवढे बिल मिळत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बॅच नंबर स्लिपेवर लिहिण्याची सक्ती असेल तरच हे पकडता येते.

सगळा साठा दर महिन्याला मोजणे झेपत नसेल तर महागडे आणि वेगाने हलणारे नग दर आठवड्याला, बाकीचे फिरत्या क्रमाने मोजतात आणि संपूर्ण मोजणी वर्षातून एकदा ठेवतात. पुरवठादाराच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशीचा आकडा लेखापरीक्षकालाही लागतो. तो साठाधारकाकडून थेट लेखी पुष्टी मागवतो, आणि रक्कम मोठी असेल तर स्वतः मोजणीला हजर राहतो.

करार संपतो तेव्हा शेवटची संयुक्त मोजणी होते. सापडलेला चांगला माल पुरवठादार परत नेतो. फोडलेल्या पेट्या आणि मुदत उलटलेला माल कोणाच्या माथी, हे करारातल्या परतीच्या कलमाप्रमाणे ठरते. आणि न सापडलेल्या नगांचे बिल साठाधारकाच्या नावे निघते. परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणाचा, हेही त्याच कलमात आधी लिहून ठेवलेले असावे लागते.