वसतिगृहासाठी सौर पाणीतापक : व्यवस्थापनाला द्यायचा प्रस्ताव (सोलापूर)

महाविद्यालयाच्या वसतिगृहावर सपाट पॅनेलचा सोलर बसवण्यासाठी रेक्टर किंवा वसतिगृह समिती प्राचार्यांमार्फत संस्थेच्या सचिवांना जे पत्र देते, तो हा प्रस्ताव. मायना, विषय, संदर्भ हा भाग नेहमीचाच. मंडळाच्या बैठकीत पत्र टिकते की नाही हे ठरते ते एका आकड्यावर : घातलेले पैसे किती वर्षांत परत येणार.

हा आकडा बहुतेक वेळा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून उचललेला असतो, आणि तिथेच चूक होते. माहितीपत्रक यंत्राची पूर्ण क्षमता धरते आणि वर्षाचे ३०० दिवस उन्हाचे मोजते. बचत मात्र तेवढ्याच पाण्याची होते, जे एरवी गिझरवर तापवावे लागले असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, टाकीतलेच पाणी कोमट येते आणि मुले गरम पाणी मागत नाहीत. शिवाय तेव्हा सुट्ट्या असतात, दिवाळीत वसतिगृह रिकामे असते आणि पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत गिझर लावावा लागतो. ऊन सर्वांत कडक असते त्याच दिवसांत सोलरचा उपयोग सर्वांत कमी, ही इथली गंमत आहे.

उदाहरणादाखल शंभर मुलांचे वसतिगृह घेऊ. आंघोळीची बादली २० लिटरची, पाणी ४२ अंशांचे. टाकीत पाणी ६० अंशांवर आणि नळाला २५ अंशांवर असेल, तर बादलीत साधारण १० लिटर गरम पाणी लागते. म्हणजे रोज १,००० लिटर. एवढे पाणी ३५ अंशांनी तापवायला ३५,००० किलोकॅलरी लागतात. ८६० किलोकॅलरीला एक युनिट या हिशोबाने ते सुमारे ४१ युनिट होतात आणि गिझरमधली गळती धरून ४५. गरम पाण्याचे खरे दिवस २२० धरले, तर वर्षाला ९,९०० युनिट वाचतात. वीज सर्व आकारांसह दहा रुपये युनिट धरली तर ९९,००० रुपये. त्यातून देखभालीचे १०,००० वजा केले की ८९,००० उरतात. यंत्रणा साडेतीन लाखांची असेल, तर परतफेड सुमारे चार वर्षांत होते.

इथे यंत्रणा १,५०० लिटरची धरली आहे, कारण थंडीत पाणी आणखी गार येते आणि काही उष्णता पाइपात जाते. दर १०० लिटरला सुमारे दोन चौरस मीटरचे एक पॅनेल या प्रमाणाने पंधरा पॅनेल लागतात. याच यंत्रणेची पूर्ण क्षमता ३०० दिवस वापरली असे मानून देखभाल विसरली, तर परतफेड पावणेदोन वर्षांवर येते. पत्रात चार वर्षे लिहावीत. खजिनदार वीजबिले काढून बसले, तरी तो आकडा हलत नाही. प्रत्यक्ष पत्रात युनिटचा दर बिलातून आणि किंमत दरपत्रकातून घ्यावी. केंद्राचे भांडवली अनुदान २०१४ मध्ये बंद झाले आहे, जुन्या प्रस्तावांच्या नकलेत ते अजून दिसते.

बैठकीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे काचनळ्यांचा सोलर स्वस्त असताना हा कशाला? याचे उत्तर पाण्यात आहे. बोअरचे पाणी जड असेल तर तापल्यावर त्यातले क्षार सुटतात आणि नळ्यांत साचतात. सपाट पॅनेलच्या तांब्याच्या बारीक नळ्याही अशाच चोंदतात, म्हणून नुसते पॅनेल बदलून भागत नाही. उष्णता-विनिमयक असलेली टाकी मागावी लागते. त्यात पॅनेलमधून चांगले पाणी बंद चक्रात फिरते आणि वापराचे पाणी त्याच्या संपर्काने वेगळे तापते. क्षार तरीही विनिमयकावर धरतो, पण तो पंधरा पॅनेलांपेक्षा साफ करायला सोपा. पॅनेलचा वरचा पाइप चटका देतो आणि टाकी मात्र कोमट, अशी स्थिती दिसली की क्षार धरला किंवा पाणी फिरत नाही असे समजावे. काच स्वच्छ असूनही पाणी तापत नसेल, तर संशय आणखी बळावतो.

गच्चीचा मुद्दा थोडक्यात पुरतो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, थंडीचे ऊन धरण्यासाठी सुमारे ३० अंश उतारावर, सावली नसलेल्या जागी. भरलेली टाकी दीड टनाहून जड होते, तेव्हा ती तुळईवर येते का, याचा अभियंत्याचा लेखी दाखला पत्राला जोडावा. पाइपाला उष्णतारोधक आवरण हवे. नाहीतर गरम पाणी येईपर्यंत प्रत्येक नळाखाली पहिली बादली वाया जाते, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात ते परवडत नाही.

शेवटी मागणीबरोबर एक अट घालावी : दहा टक्के रक्कम थंडीतल्या चाचणीपर्यंत राखून ठेवावी. डिसेंबरच्या निरभ्र दिवसानंतर पहाटे, आंघोळी सुरू होण्यापूर्वी, टाकीतल्या पाण्याचे तापमान थर्मामीटरने मोजून करारातल्या आकड्याशी ताडायचे. मापन रेक्टर आणि विक्रेत्याचा माणूस या दोघांच्या सहीने नोंदवायचे.