पात्राची धून: ऑपेराच्या रंगमंचापासून डार्थ वेडरपर्यंत

चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात एका पात्राला एक धून नेमून देण्याची पद्धत आज इतकी रुळली आहे, की ती चित्रपटानेच जन्माला घातली असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती एकोणिसाव्या शतकातील जर्मन ऑपेरातून आलेली आहे. कार्ल मारिया फॉन वेबर यांच्या 1821 मधील ‘डेर फ्रायश्युट्झ’ या ऑपेरात सामिएल या सैतानी पात्राची चाहूल लागली, की दर वेळी तंतुवाद्यांच्या खर्जातील कंपनावर तोच एक काळोखा स्वरसमूह येतो. तिथे गुणगुणता येईल अशी चाल नाही. ठरावीक स्वर, ठरावीक वाद्ये आणि ठरावीक व्यक्ती यांची गाठ मात्र पक्की बांधलेली आहे.

रिखार्ड वाग्नर यांनी ही गाठ कितीतरी दूरवर नेली. चार ऑपेरांची त्यांची ‘रिंग’ ही मालिका ऑगस्ट 1876 मध्ये बायरॉइट येथे प्रथमच सलग सादर झाली. त्यातील दुसऱ्या ऑपेराच्या पहिल्या अंकात झीग्लिंडं आपल्या लग्नाच्या दिवसाची हकिकत सांगते: राखाडी वस्त्रांतला, एका डोळ्यावर टोपी ओढलेला एक म्हातारा न बोलावता आला आणि त्याने घरातल्या झाडाच्या बुंध्यात तलवार खुपसली. ती त्याचे नाव घेत नाही. मात्र त्याच वेळी वाद्यवृंदात वाल्हाला या देवांच्या गढीची धून हलकेच वाजते, आणि पहिला ऑपेरा ऐकलेल्या श्रोत्याला कळते, की तो म्हातारा म्हणजे देवांचा राजा वोटान. संवाद थांबतो तिथे संगीत माहिती पुरवते. माझ्या मते या तंत्राचे खरे सामर्थ्य इथे आहे. मात्र त्याच वर्षी हान्स फॉन वोल्त्सोगन यांनी या धुनांना नावे देणारी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, त्यांच्यासाठी ‘लाइटमोटिफ’ ही संज्ञा रूढ झाली आणि श्रोत्यांना प्रत्येक धून एखाद्या नावाच्या पाटीसारखी ऐकण्याची सवय लागली. चित्रपटाकडे आली ती मुख्यतः ही सवय.

मूकपटांच्या काळात चित्रपटगृहातील वादकांना प्रसंगवार सूचनांचा कागद मिळत असे. कुठे काय वाजवायचे ते त्यात लिहिलेले असे आणि नायिकेसाठी अनेकदा एकच धून वारंवार सुचवलेली असे. कधी मोठ्या चित्रपटासाठी स्वतंत्र संगीतही लिहिले जाई. गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांनी 1927 च्या ‘मेट्रोपोलिस’साठी केलेले काम त्यातले ठळक. पण बोलपटात ही पद्धत स्थिरावली ती माक्स श्टाइनर यांच्यामुळे. व्हिएन्नात जन्मलेल्या या संगीतकाराने 1933 च्या ‘किंग काँग’मध्ये त्या महाकाय वानराला फक्त तीन स्वर दिले, अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरणारे. इतका छोटा तुकडा निवडण्यामागे व्यवहार होता. चित्रपटातले दृश्य काही सेकंदांत बदलते आणि वर संवाद व आवाज चालू असतात, त्यामुळे ऐकताक्षणी ओळखू न येणारी धून तिथे वायाच जाते. तीन स्वर मात्र कुठेही बसवता येतात, ताणता येतात, पितळी वाद्यांवर गर्जवता येतात किंवा व्हायोलिनवर हळवे करता येतात.

या पद्धतीतला दोषही लवकरच दिसू लागला. पात्र आले की धून, गेले की धून बंद, असे होऊ लागले, की संगीत प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसतच असलेली गोष्ट पुन्हा सांगते. तत्त्वज्ञ थिओडोर आडोर्नो आणि संगीतकार हान्स आइस्लर यांनी 1947 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की सर्वांना दिसत असलेल्या मालकाच्या आगमनाची वर्दी देणाऱ्या सेवकाचे काम चित्रपटातली ही धून करते. वाग्नर यांच्याकडे तिला अर्थ चढायला जे प्रदीर्घ नाट्य लागते, तेवढा अवकाश चित्रपटात नसतो. टीका कठोर आहे, पण दोष ओळखण्याची कसोटी त्यातूनच मिळते: चित्र पाहत असताना ती धून काढून टाकली तर कथेतले काही हरवते का, हे तपासावे.

‘स्टार वॉर्स’ मालिकेला हा अवकाश अनेक चित्रपटांमुळे मिळाला, म्हणून ते उदाहरण नीट पाहण्याजोगे आहे. 1977 च्या पहिल्या चित्रपटात जॉन विल्यम्स यांची व्यवस्था अजून सैलच होती. डार्थ वेडर या मुखवटाधारी खलनायकाची आज जगाला ठाऊक असलेली धून त्यात नाहीच. तरुण नायक ल्यूक दोन सूर्यांचा अस्त पाहतो त्या दृश्यासाठी विल्यम्स यांनी आधी वेगळे संगीत लिहिले होते. नंतर तिथे त्याचा वृद्ध गुरू ओबी-वान याच्याशी जोडलेली धून आली आणि पुढे ती एका व्यक्तीपुरती न राहता ‘फोर्स’ या शक्तीचीच खूण झाली. ओबी-वान मारला जातो तेव्हा तर राजकन्या लेयाची धून उसळते, कारण त्या क्षणाला हवा तसा भावनेचा आवेग त्या चालीत होता. नियम काटेकोरपणे लावला तर ही चूक ठरेल. मला ती योग्य निवड वाटते, कारण प्रेक्षक त्या क्षणी कोणाची धून हे तपासत नसतो.

वेडरची धून आली 1980 च्या दुसऱ्या चित्रपटात. आपल्या स्वरलिपीत मांडायचे तर तिची सुरुवात अशी: सा सा सा, मंद्र कोमल ध, मध्य कोमल ग, सा, मग पुन्हा मंद्र कोमल ध, कोमल ग आणि सा. पहिले तीन सा समान वजनाचे, लष्करी पावलांसारखे, आणि पुढची लय तुटक. मंद्र धैवत येताच खालचा स्वरमेळ एका मायनर कॉर्डवरून दूरच्या दुसऱ्या मायनर कॉर्डवर उडी घेतो. हे दोन मेळ नेहमीच्या चालींत सहसा शेजारी येत नाहीत आणि धाकाची भावना बरीचशी तिथून येते. लय एवढी ठसठशीत असल्यामुळे नुसत्या ठोक्यांवरूनही धून ओळखू येते, आणि म्हणूनच पुढे तिच्यात मोठे बदल करण्याची मुभा संगीतकाराला मिळाली.

त्या मुभेचा सर्वात मोठा उपयोग 1983 च्या तिसऱ्या चित्रपटात दिसतो. ल्यूकने, म्हणजे त्याच्याच मुलाने, मुखवटा उतरवलेला वेडर मरणाच्या दारात आहे आणि तीच धून येते, पण ढोल नाहीत, पितळी वाद्यांचा मारा नाही. तंतुवाद्यांच्या वरच्या सप्तकात ती विरळ होऊन ऐकू येते, एकेका फुंकवाद्याकडे जाते आणि शेवटी हार्पच्या सुट्या स्वरांवर संपते. चाल बदललेली नाही. बदलली आहेत वाद्ये, वेग आणि आवाजाची पट्टी. आधीच्या चित्रपटात ही धून दहशतीशी इतकी घट्ट बांधलेली नसती, तर या क्षणी तिच्यातला माणूस ऐकू आला नसता.

पुढे 1999 मध्ये कथा मागे गेली आणि पुढे वेडर होणाऱ्या लहान अ‍ॅनाकिनसाठी विल्यम्स यांनी एक निरागस चाल लिहिली. तिच्या शेवटच्या वळणांवर वेडरच्या धुनेचे स्वर हलकेच डोकावतात. जुने चित्रपट पाहिलेल्याला त्या जागी मुलाचे भविष्य कळते. कथेच्या क्रमाने प्रथमच पाहणाऱ्याला मात्र तिथे फक्त थोडी उदास झालेली चाल ऐकू येते. त्या स्वरांचा अर्थ त्याला लागतो तो पुढच्या चित्रपटांत ती धून पूर्ण ताकदीने वाजल्यावर.