वर्गात काय झालं ते टाचणात कसं उतरवायचं, आणि टाचणातले हे रकाने आले कुठून

सोलापुरात केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखाद्या बाई उठून आपला तास कसा झाला ते सांगतात, सगळे मन लावून ऐकतात, आणि मग कुणीतरी म्हणतं की बाई हे टाचणाच्या नमुन्यात लिहून द्या ना, आम्हालापण घेता येईल. तिथेच गाडी अडते. कारण सांगताना बाई मुलांचं बोलणं, गोंधळ, हसणं सगळं सांगतात, आणि तक्ता मागतो उद्दिष्ट, कृती, साहित्य, वेळ. हे चार रकाने एका दिवशी एका माणसाने बसून ठरवलेले नाहीत, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कामासाठी आलेत, आणि ते माहीत असलं की कुठल्या रकान्यात नेमकं काय टाकायचं ते बरंच सोपं होतं.

सगळ्यात जुनी आहे ती कृतीच्या रकान्यातल्या पायऱ्यांची बाजू. जर्मनीतला तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) याने शिकण्याच्या चार अवस्था मांडल्या, त्याच्यानंतर त्सिलरने पहिलीचे दोन भाग करून पाच केल्या, आणि येना विद्यापीठातल्या राइनने त्यांना शिक्षकाला वापरता येईल असं रूप दिलं. आपल्या बीएड, डीएडच्या सराव पाठात प्रस्तावना, विषयविवेचन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन म्हणून ज्या पायऱ्या आपण घोकल्या त्या तिथून आल्या, ट्रेनिंग कॉलेजांमार्फत. पण वाटेत एक महत्त्वाची गोष्ट गळाली. या पाच पायऱ्या एका तासिकेसाठी नव्हत्याच, एका पूर्ण घटकासाठी होत्या, मग त्याला दोन दिवस लागोत की चार. आपण त्या ३५ मिनिटांत कोंबल्या आणि तेव्हापासून उपयोजनाचा बळी जातोय, कारण ते शेवटी असतं आणि शेवटीच घंटा होते.

उद्दिष्टांचा रकाना बराच नंतरचा. अमेरिकेत १९४९ मध्ये शिक्षणतज्ज्ञ टायलरने म्हटलं की आधी ठरवा मुलाच्या वागण्यात काय बदल हवा. १९५६ मध्ये ब्लूम आणि सहकाऱ्यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण आलं, आणि ब्लूम स्वतः त्या सुमारास भारतात परीक्षा सुधारणेच्या कार्यशाळा घ्यायला आले होते. म्हणजे हा रकाना आपल्याकडे आला तो परीक्षेच्या वाटेने, शिकवण्याच्या वाटेने नाही. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य आणि खाली स्पष्टीकरणं ही जी रचना आपण लिहितो तिचं मूळ तिथे आहे. १९६२ मध्ये मेगरने अजून घट्ट केलं, की उद्दिष्टातलं क्रियापद डोळ्यांना दिसणारं हवं, कुठल्या परिस्थितीत आणि किती अचूक तेही हवं. २०१७ मध्ये एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्ती आल्या, तेव्हापासून टाचणात त्यापण लिहायच्या.

आता एक तास घेऊन बघू. पाचवी, गणित, परिमिती. बाईंनी सांगितलं ते साधारण असं: "हजेरी झाल्यावर प्रत्येक गटाला एक नॅपकिन दिला, आपल्या इथलाच, ४० बाय ६० सेंमीचा. म्हटलं, याला चारी बाजूंनी गोट लावायचा, किती लागेल? दोघांनी लगेच गुणाकार केला, २४०० म्हणाले. एक मुलगी म्हणाली १००. एका गटाची छोटी बाजू ४२ येत होती, मग मी दोरा घेतला आणि कडेने फिरवला, तेव्हा सगळे गप्प. मग फळ्यावर मांडलं. एक गट मोजतच होता तोवर घंटा झाली, शेवटचं गणित घरी दिलं."

बहुतेक जण हे उतरवताना पहिलं वाक्य लिहितात, विद्यार्थ्यांना परिमितीची संकल्पना समजते. बाईंच्या सांगण्यात "समजणं" कुठे दिसलं? दिसलं ते मोजणं, चार बाजू मिळवणं, आणि दोऱ्याशी ताडून बघणं. म्हणून उद्दिष्ट मुलांच्या क्रियापदांतून काढायचं, शिक्षकाच्या नाही: आयताकृती कापडाच्या चारही बाजू पट्टीने मोजून त्यांची बेरीज सेंमीमध्ये सांगतो, आणि २०० सेंमी म्हणजे २ मीटर हे दोरा लावून पडताळतो. शिक्षकाची क्रियापदं, म्हणजे दिला, विचारलं, फिरवला, मांडलं, ही कृतीच्या रकान्यात जातात.

साहित्यात नॅपकिन तर सगळे लिहितात. पण मोजलं म्हटलं की पट्टी आली, पट्टी ३० सेंमीची असेल तर ती ४० च्या बाजूला दोनदा ठेवावी लागते हेही आलं, आणि दोरा निदान अडीच मीटर हवा. हे लिहिलं नाही तर दुसऱ्या शाळेतल्या मॅडम टेप घेऊन जाणार, आणि मग तो ४२ चा प्रकार त्यांच्या वर्गात होणारच नाही.

आणि तो ४२ सोडू नका, माझ्या मते पूर्ण तासातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. पट्टी शून्याऐवजी १ पासून लावली तर एकदा ठेवण्यात १ सेंमी वाढतो, दोनदा ठेवली की २, म्हणून ४० चे ४२. २४०० म्हणणाऱ्याने क्षेत्रफळ काढलंय, त्याला विचारायचं की २४ मीटर गोट लागेल का, वर्गाच्या या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत येईल इतका? १०० म्हणणारीने दोनच बाजू घेतल्या. आपल्या नेहमीच्या नमुन्यात याला जागाच नाही. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात आणि तो वर्गात बघतात, त्याला लेसन स्टडी म्हणतात, त्याच्या पाठ योजनेत मुलं काय काय उत्तरं देतील याचा वेगळा रकाना असतो, शिक्षक एकत्र बसून तो आधी भरतात. आपण कृतीच्या शेजारी "अपेक्षित उत्तरं आणि चुका" असा एक रकाना आखला तर बाईंच्या सांगण्यातला हा भाग हरवत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत घरी तेलुगू बोलणारी मुलं असतील आणि बाईंनी "कड" दाखवायला तेलुगू शब्द वापरला असेल तर तोही तिथेच लिहायचा.

राहिला वेळ. सांगताना कुणी मिनिटं सांगत नाही, पण खुणा असतात. हजेरीनंतर सुरुवात, घंटेला एक गट अजून मोजतोय, शेवटचं गणित घरी. म्हणजे अंदाज आणि मोजणी यातच तास संपला, उपयोजन झालंच नाही. आणि तरी टाचणात प्रस्तावना ५, विवेचन २०, उपयोजन ५, गृहपाठ ५ असं छान ३५ भरलेलं असतं, ते वाचून घेणारा फसतो. खरं लिहायचं तर पहिली तासिका: नॅपकिन वाटप आणि अंदाज ७ मिनिटं, गटात मोजणी १८, दोरा आणि फळ्यावरची मांडणी १०. दुसरी तासिका: चुकलेली उत्तरं परत तपासणं १०, स्वतःच्या वहीची आणि बाकाच्या फळीची परिमिती १५, समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात म्हणून दोनच मोजल्या तरी चालतं हे मुलांकडून काढून घेणं १०. शाळेला एका तासिकेचंच टाचण हवं असेल तर पहिलीपुरतं उद्दिष्ट ठेवा, वही आणि बाकाचा भाग पुढच्या दिवसाच्या टाचणात लिहा.