दुहेरी नकार (अनौपचारिक इंग्रजी लेखनातील)

एकाच क्रियापदाच्या कक्षेत दोन किंवा अधिक नकारदर्शक शब्द येऊनही वाक्याचा अर्थ एकाच नकाराचा राहणे, याला दुहेरी नकार म्हणतात. ‘आय डोन्ट हॅव नो टाइम’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ‘मला वेळ नाही’ एवढेच लिहिणाऱ्याला म्हणायचे असते आणि वाचणाऱ्यालाही तेवढेच कळते. प्रमाण इंग्रजीत मात्र ही रचना चूक धरली जाते. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील मराठी भाषकांच्या निरोपांत आणि अर्जांत ती कशी येते व कशी दुरुस्त करावी, याचा मुख्यतः विचार केला आहे.

ही रचना अडाण्यांनी बिघडवलेल्या इंग्रजीतून आली, हा समज टिकणारा नाही. प्राचीन इंग्रजीत क्रियापदापूर्वी ‘ने’ हा नकार येई आणि त्याच्या जोडीला वाक्यात आणखी नकारशब्द सहज येत. चौदाव्या शतकातील चॉसरच्या काव्यात असे तिहेरी-चौहेरी नकार आहेत आणि शेक्सपिअरच्या नाटकांतही ते आढळतात. ही रचना निषिद्ध कोणी ठरवली, हा प्रश्न वादाचा आहे. पुष्कळ पुस्तकांत याचा दोष रॉबर्ट लोथ या धर्मगुरूच्या १७६२ च्या व्याकरणावर टाकलेला दिसतो. परंतु दोन नकार मिळून होकार होतो, हा नियम जेम्स ग्रीनवुडच्या १७११ च्या व्याकरणात आधीच होता. लोथच्या ग्रंथात तो पहिल्या आवृत्तीनंतर आला असावा. शिवाय सुशिक्षितांच्या लेखनातून ही रचना सतराव्या शतकातच मागे पडू लागली होती. म्हणजे वैयाकरणांनी चालू रीत मोडली असे म्हणण्यापेक्षा, आधीच उतरणीला लागलेल्या रीतीवर त्यांनी शिक्का मारला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन नकारांचा होकार हा गणिती युक्तिवादही लंगडाच आहे. स्पॅनिश आणि रशियन या भाषांत असे जोडनकार प्रमाण आहेत आणि तेथे कोणी त्यांचा होकार करत नाही. तेव्हा दुहेरी नकाराची दुरुस्ती तर्कासाठी नसून प्रमाण लेखनाच्या रिवाजासाठी करायची असते.

मराठी भाषकाच्या हातून ही चूक निराळ्या वाटेने होते. मराठीत नकार बहुधा एकदाच, वाक्याच्या शेवटी, क्रियापदाशी येतो. ‘कोणीच काही सांगितलं नाही’ किंवा बीड-परभणीकडच्या बोलीत ‘कोनीच काई सांगितलं न्हाई’ या वाक्यात नकार एकच आहे, तो शेवटचा. ‘कोणीच’, ‘काहीच’, ‘कधीच’ हे शब्द स्वतः नकारी नाहीत, ते नकाराला जोर देतात. याचा उत्तम पुरावा ‘कधीच’ या शब्दात आहे. ‘तो कधीच गेला’ म्हणजे केव्हाच निघून गेला, आणि ‘तो कधीच गेला नाही’ म्हणजे एकदाही गेला नाही. सगळा फरक ‘नाही’ने केला. पण शब्दार्थ पाठ करताना विद्यार्थी ‘कोणीच’ म्हणजे ‘नोबडी’, ‘काहीच’ म्हणजे ‘नथिंग’, ‘कधीच’ म्हणजे ‘नेव्हर’ असे घोकतो. हे इंग्रजी शब्द आपला नकार पोटातच घेऊन येतात. त्यांच्या पुढे ‘नाही’चे भाषांतर पडले की नकार दुप्पट होतो. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, तरी ही घोकंपट्टी सुटलेली नाही. मराठवाड्यात कानावर पडणारी हिंदी-उर्दूही येथे उपयोगी पडत नाही, कारण ‘कोई नहीं आया’चा साचा मराठीसारखाच आहे.

उदाहरणादाखल परभणीच्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने सरांना मोबाइलवर असा निरोप धाडला असे समजू : ‘सर, नोबडी डिडन्ट टेल मी नथिंग अबाउट प्रॅक्टिकल. आय डोन्ट हॅव नो टाइम टुडे. आय कान्ट हार्डली रीच बिफोर फाइव्ह.’

पहिल्या वाक्यात एका क्रियापदाभोवती ‘नोबडी’, ‘डिडन्ट’, ‘नथिंग’ असे तीन नकार आहेत. डावीकडून वाचत पहिला नकार ठेवायचा, क्रियापदाचा काढायचा आणि नंतरच्याचे ‘एनी’ कुळातले रूप करायचे : ‘नोबडी टोल्ड मी एनिथिंग’. ‘डिडन्ट’ गेला की भूतकाळ दाखवण्याचे काम मूळ क्रियापदावर येते, म्हणून ‘टेल’चे ‘टोल्ड’ होते. दुरुस्ती करणारे पुष्कळदा येथेच अडखळतात आणि ‘नोबडी टेल मी’ लिहून मोकळे होतात.

पहिलाच नकार का ठेवायचा, ‘डिडन्ट’ का नाही? ‘कोणीही सांगितलं नाही’ या चालीवर ‘एनिबडी डिडन्ट टेल मी’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते इंग्रजी होत नाही. मराठीत क्रियापद शेवटी असल्याने ‘कोणीही’ आधी येऊन नकाराची वाट पाहू शकतो. इंग्रजीत अशा वाक्यातला ‘एनी’ नकाराच्या आधी, कर्त्याच्या जागी उभा राहत नाही, त्याच्या आधी नकार यावा लागतो. दुरुस्तीचे हे मर्म शालेय व्याकरणांत क्वचितच सांगितलेले असते. तेथे ‘एक नकार काढा’ एवढेच असते, आणि कोणता काढायचा हे न कळल्याने दुसरी चूक होते.

दुसऱ्या वाक्यात कर्ता नकारी नसल्यामुळे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ‘आय डोन्ट हॅव एनी टाइम’ हे साधे, तर ‘आय हॅव नो टाइम’ हे थोडे ठासून म्हटलेले. सरांना लिहिताना पहिले बरे. तिसऱ्या वाक्यातील ‘हार्डली’ हा छुपा नकार आहे. त्याच्यामागे ‘एनी’ चालतो (‘हार्डली एनी टाइम’), यावरून तो ओळखता येतो. म्हणून ‘आय कॅन हार्डली रीच’ पुरे.

दोन नकार दिसले की एक कापायचाच, असे मात्र नाही. ‘आय डोन्ट थिंक ही वोन्ट कम’ यात क्रियापदे दोन आहेत, प्रत्येकाचा नकार वेगळा आहे आणि अर्थ ‘तो येईल बहुधा’ असा होतो. ‘नॉट अनकॉमन’ हे मराठीतल्या ‘नाही असं नाही’च्या जातीचे. येथे एक नकार काढला तर अर्थच उलटतो. दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उद्धृत करतानाही ही रचना दुरुस्त करू नये.

याच्याशी संलग्न असलेली एक चूक मराठवाड्यातच नव्हे तर देशभर दिसते : ‘डोन्ट गो अन्टिल आय डोन्ट कम’. ही ‘मी येत नाही तोपर्यंत जाऊ नको’ची थेट उतरवणी आहे. मराठीतला पहिला ‘नाही’ अर्थात भर घालत नाही, ‘मी येईपर्यंत जाऊ नको’ म्हटले तरी तेच. इंग्रजीत ‘अन्टिल’ने ते काम आधीच केलेले असते, त्यामुळे ‘अन्टिल आय कम’ लिहावे. वाक्य इंग्रजीत नेण्याआधी मराठीतच ‘-ईपर्यंत’ करून घेतले की चूक आपोआप टळते.

मराठी लेखनही या दोषापासून मुक्त नाही. ‘विनापरवानगीशिवाय आत येऊ नये’ ही पाटी त्यातलीच. संस्कृत ‘विना’ आणि अरबी-फारसीतून आलेला ‘शिवाय’ एकाच शब्दाला दोन्ही टोकांनी चिकटले आहेत. शब्दशः घेतले तर परवानगी असणाऱ्यालाच मज्जाव होतो. ‘परवानगीशिवाय’ किंवा ‘विनापरवानगी’ यांपैकी एक पुरेसे आहे.