दंडातलं की जखमेतलं? पथनाट्यात रेबीजची लस आणि सीरम वेगळी कशी दाखवावी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुत्रा चावण्यावर पथनाट्य बसवायला घेतलं, की पहिल्याच तालमीत कुणीतरी 'पोटात चौदा इंजेक्शनं' हा विनोद मागतो. मी तो ठेवतो, पण एका वाक्यात उरकतो. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, ती पोटात टोचत, आणि आपल्याकडे ती 2004 नंतर वापरात राहिली नाही. त्यावर हसू येतं, पण आज त्या समजुतीमुळे फारसं कुणाचं अडत नाही.

अडतं ते 'रेबीजचं इंजेक्शन घेतलं' या साध्या वाक्यापाशी. त्यात दोन वेगळी औषधं आहेत, लस आणि सीरम, आणि सीरम राहून गेलं तरी वाक्य तेच राहतं. म्हणून आख्खं पथनाट्य या एका गोंधळाभोवती फिरवावं. प्रसंग असा घेता येईल: चार वर्षांच्या मुलीला रविवारी संध्याकाळी गेटपाशी कुत्र्याचं पिल्लू चावलं. पोटरीवर दातांच्या खुणा, रक्त आलेलं. सोमवारी दवाखाना झाला, आज मंगळवार.

(डफ थांबतो. मुलीच्या पोटरीला रुमाल.)

वॉचमन: ताई, जाऊन आलात दवाखान्यात?

आई: आले ना काका. एक नाही, तीन इंजेक्शनं दिली!

वॉचमन: कुठं कुठं?

आई: दोन्ही दंडांत एकेक. आणि एक धनुर्वाताचं.

वॉचमन: अन् पोटरीत?

आई: पोटरीत कशाला? तिथे आधीच दुखतंय तिला.

सेक्रेटरी: काका, तुम्ही आपलं गेट बघा.

वॉचमन: गेटच बघतोय साहेब. चोर शिरला पोटरीच्या गेटनं, अन् पहारा बसवला दंडावर!

इथे हशा येतो आणि त्याच हशात मुद्दा पोचतो. तीन सुया टोचूनही सीरम मिळालेलंच नाही. दोन्ही दंडांतली मिळून लसीची एकच खेप. सरकारी दवाखान्यांत बहुधा लस कातडीत थोडी थोडी, दोन ठिकाणी देतात. दिवस 0, 3, 7 आणि 28. खासगीकडे स्नायूत पूर्ण डोस देतात, तेव्हा 14 वा दिवसही धरावा लागतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा रेबीजशी काही संबंध नाही.

मग दंडातल्या लसीने काय होतं? ती शरीराला शिकवते. विषाणूचा मेलेला नमुना दाखवते आणि तो ओळखणारी प्रतिद्रव्यं शरीराकडूनच तयार करवून घेते. हे शिकणं एका रात्रीत होत नाही, साधारण सात ते चौदा दिवस जातात. सीरम काहीच शिकवत नाही. त्यात प्रतिद्रव्यं आयती असतात, घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली. प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिद्रव्यंही आता मिळतात. ती टोचल्या क्षणापासून कामाला लागतात आणि काही आठवड्यांत संपून जातात.

सोसायटीच्या प्रेक्षकाला हे समजावायला बदली वॉचमन पुरेसा आहे. स्वतःचा माणूस नेमून त्याला सगळ्या बिल्डिंगा, सगळी माणसं ओळखायला दोन आठवडे लागणार; तोवर एजन्सीकडून बदली माणूस आणून तुटलेल्या कुंपणापाशी उभा करायचा. पहिला म्हणजे लस, दुसरा म्हणजे सीरम. हा बदली वॉचमन क्लब हाऊसमध्ये खुर्ची टाकून बसला तर काय उपयोग? रेबीजचा विषाणू जखमेपाशी काही काळ रेंगाळतो, मग नसेत शिरतो आणि नसेच्या आतून मेंदूकडे सरकतो. नसेत शिरल्यावर त्याला अडवणं जवळजवळ अशक्य, म्हणून सीरम जखमेतच भरायचं. कमरेत टोचून घरी आलेल्या माणसाच्या जखमेपाशी पहारा नसतोच.

तालमीत एक शंका हटकून येते: मग सगळ्यांनाच सीरम का देत नाहीत? रक्त न येता नुसतं खरचटलं असेल, तर सुदृढ माणसाला लस पुरते. दात किंवा नख कातडीच्या आत गेलं, रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाच्या आत लाळ लागली, तर लस आणि सीरम दोन्ही. धडधाकट कातडीवर कुत्र्याने चाटलं तर यातलं काहीच लागत नाही. ज्याने आधी कधी लसीचे सगळे डोस पूर्ण केलेत, त्याचा शिकलेला वॉचमन आतच आहे. त्याला 0 आणि 3 या दिवशी लस द्यायची, सीरम नाही.

सीरमला मुदतही आहे. ते लसीच्या पहिल्या डोसाबरोबरच मिळायला हवं. तेव्हा राहिलं तर पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर शरीर स्वतः प्रतिद्रव्यं करू लागलेलं असतं आणि आयती प्रतिद्रव्यं त्या कामात लुडबूड करतात. म्हणूनच मी प्रसंग मंगळवारी ठेवला. गुरुवारची पुढची खेप येईपर्यंत थांबायचं कारण नाही, आईने आजच परत जायला हवं.

दुसऱ्या प्रवेशात आजोबा हळद-चुना घेऊन येतात आणि बाबा टाके घालायची घाई करतात. हळद-चुन्याला मी वेळ देत नाही: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं हेच पहिलं औषध, आणि ती पंधरा मिनिटं नळाखाली किती लांबलचक वाटतात ते नटाने घड्याळाकडे बघत दाखवावं. टाक्यांवर मात्र थांबावं. सुईने शिवताना विषाणू आणखी खोल जाऊ शकतो. जखम मोठी असेल आणि शिवावीच लागली, तर आधी सीरम, मग काही तासांनी सैलसे टाके.

पिल्लू पाळलेलं होतं, त्याला लस दिलेली होती, या युक्तिवादावर उपचार लांबवू नयेत. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण आपली लस सुरू करून. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असेल तर उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

शेवटचा प्रवेश दवाखान्यात.

सिस्टर: वजन किती हिचं?

आई: पंधरा किलो.

सिस्टर: घोड्याचं सीरम किलोला चाळीस युनिट. पंधरा चोक साठ, म्हणजे सहाशे. एका मिलीत तीनशे असतात, तर दोन मिली.

आई: सगळं एकाच जागी?

सिस्टर: नाही. प्रत्येक दाताच्या खुणेत थोडं थोडं. खुणा जास्त असल्या तर सलाईन मिसळून वाढवून घेऊ, पण एकही सोडायची नाही. नंतर थोडा वेळ इथेच बसा, अंगावर पुरळ किंवा दम लागला तर लगेच सांगा. किती खुणा आहेत?

आई: तीन.

(सिस्टर रुमाल पूर्ण सोडते, पाय वळवते, गुडघ्यामागे बॅटरी मारते.)

सिस्टर: ही चौथी.